सतरावा पदर : ७९२ किलोहर्ट्झसाठी सर्वांत कमी सॅम्पलिंग दर



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा एक आग्रह त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. सूत्र सांगितले की त्यात एक खरा आकडा घालून शेवटपर्यंत न्यायचा, आणि मध्येच काही खटकले तर तिथेच थांबायचे. आज मी तेच करणार आहे. प्रश्न एकच घेतो, केंद्र एकच घेतो आणि त्याच्यामागे शेवटपर्यंत जातो.

केंद्र आहे आकाशवाणी पुणे, मध्यम लहरी, ७९२ किलोहर्ट्झ. प्रश्न असा : या केंद्राचा सिग्नल अँटेनावरून थेट आकड्यांत उतरवायचा असेल, तर सेकंदाला कमीत कमी किती वेळा त्याचे माप घ्यावे लागेल? म्हणजे सॅम्पलिंगचा दर किती कमी ठेवता येईल?

आधी सिग्नल कसा असतो ते पाहू. निवेदकाचा आवाज कॅरिअरवर चढवला की मध्ये ७९२ ची उभी रेघ राहते आणि तिच्या दोन्ही बाजूंना आवाजाचे दोन बाजूपट्टे तयार होतात. १९७५ साली जिनिव्हात ठरलेल्या आराखड्याप्रमाणे आपल्याकडच्या मध्यम लहरींची केंद्रे ९-९ किलोहर्ट्झवर बसवलेली आहेत. ७९२ म्हणजे ९ गुणिले ८८. तेव्हा एका केंद्राच्या वाट्याला साडेचार इकडे आणि साडेचार तिकडे असे ९ किलोहर्ट्झ येतात. आपला पट्टा झाला ७८७.५ ते ७९६.५. त्याच्या बाहेर आपल्या कामाचे काही नाही.

आता कॉलेजात शिकवलेला नियम आठवा. सिग्नलमधल्या सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त दराने मापे घ्या. ७९६.५ ची दुप्पट १५९३. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १६ लाख मापे, आणि कशासाठी? साडेचार किलोहर्ट्झच्या आवाजासाठी. हा नियम खोटा नाही. पण तो शून्यापासून ७९६.५ पर्यंत सगळीकडे काहीतरी असेल असे धरून चालतो. आपल्याकडे शून्यापासून ७८७.५ पर्यंत, फिल्टर लावल्यावर, काहीच उरत नाही. रिकाम्या जागेचे भाडे आपण का भरावे? माहिती ९ किलोहर्ट्झची आहे, तर दर १८ किलोहर्ट्झच्या आसपास पुरला पाहिजे, असे कोणालाही वाटेल. ते बरोबर आहे का, ते पाहायचे आहे.

सॅम्पलिंग केल्यावर वारंवारतांचे काय होते, हे समजायला एक कागदाची लांब पट्टी डोळ्यांसमोर आणा. पट्टीवर शून्यापासून पुढे किलोहर्ट्झच्या खुणा आहेत. सॅम्पलिंग दराच्या निम्म्या अंतरावर ती पट्टी दुमडा, मग तेवढ्याच अंतरावर उलट दुमडा, पुन्हा सुलट, अशी नागमोडी घडी घालत जा. सगळे पदर एकावर एक येतील. मापे घेतल्यानंतर आपल्याला दिसतो तो फक्त वरचा, पहिला पदर. खालच्या कुठल्याही पदरावर जे काही लिहिले असेल ते याच पदरावर उमटते, आणि ते कुठल्या पदरावरून आले हे नुसती मापे पाहून सांगता येत नाही. यालाच एलियासिंग म्हणतात. आपण एलियासिंगला दोष म्हणतो, पण इथे आपल्याला ते हवेच आहे : ७९२ वरचा पट्टा खाली पहिल्या पदरावर उमटवणारी युक्ती तीच आहे. अट एवढीच की आपला सगळा पट्टा एकाच पदरावर बसला पाहिजे. दुमड पट्ट्याच्या मधून गेली, तर पट्ट्याचा एक भाग दुसऱ्यावर येतो आणि दोन्ही वाचता येत नाहीत.

म्हणजे दर निवडणे म्हणजे दुमडी कुठे पडतील ते निवडणे. ही एकच गोष्ट मनात धरली की सूत्र पाठ करावे लागत नाही. तरी छापील प्रतीसाठी लिहून ठेवतो. पट्ट्याचे खालचे टोक fL, वरचे fH, आणि पट्टा n व्या पदरावर बसवायचा असेल, तर

2·fH/n ≤ fs ≤ 2·fL/(n−1)

डावी बाजू म्हणते, वरची दुमड पट्ट्याच्या वरच्या टोकाच्या पलीकडे असू दे. उजवी म्हणते, खालची दुमड खालच्या टोकाच्या अलीकडे असू दे. प्रत्येक n ला दरांची एक खिडकी मिळते, आणि दोन खिडक्यांच्या मध्ये निषिद्ध जागा असते. उत्तर एक आकडा नसतो; खिडक्यांची एक रांग असते.

आता आपल्या केंद्रावर हे लावू. संगणकाच्या ध्वनीसाठी जे दर रोजच्या वापरात आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करतो, कारण तेच हाताशी असतात : ४४.१, ४८ आणि ९६ किलोहर्ट्झ.

४८ घेतला, तर दुमडी २४ च्या पटीत पडतात. २४ गुणिले ३३ किती? ७९२. दुमड बरोबर कॅरिअरवर. याहून वाईट जागा नाही. दोन मापांच्या मधल्या वेळात कॅरिअरची साडेसोळा आवर्तने होतात. म्हणजे प्रत्येक माप एकाच ठिकाणी पडते, फक्त चिन्ह आलटून पालटून बदलते. ते ठिकाण जर लाटेच्या शिखरावर असेल तर आवाज छान ऐकू येईल. पण लाट शून्य ओलांडते त्याच क्षणी मापे पडत असतील, तर हाती सगळी शून्येच येतील आणि केंद्र चालू असताना शांतता ऐकू येईल. प्रत्यक्षात घड्याळ आणि प्रक्षेपक यांचे कधीच तंतोतंत जुळत नाही. दहा लाखांत एक भागाचा फरक असला, तरी ७९२ किलोहर्ट्झवर तो ०.८ हर्ट्झ होतो. मग मापे शिखरावरून शून्याकडे आणि शून्यावरून शिखराकडे सरकत राहतात, आणि निवेदकाचा आवाज अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या तालात मोठा होतो, विरतो, पुन्हा मोठा होतो. असा आवाज ऐकला की अँटेना तपासण्याआधी दुमड तपासावी. १८ किलोहर्ट्झचेही हेच होते, कारण ७९२ ही संख्या १८ च्या ४४ पट आहे. आपण सहज सुचलेला दर म्हणून ज्याच्याकडे पाहत होतो, तो दर मुळातच बाद आहे.

४४.१ चे काय? दुमडी २२.०५ च्या पटीत. छत्तिसावी दुमड ७९३.८ वर येते. ती कॅरिअरवर नाही, पण आपल्या पट्ट्याच्या पोटातच आहे. कॅरिअर खाली १.८ किलोहर्ट्झवर उमटतो आणि पट्ट्याचा वरचा भाग त्याच्यावरच उलटून बसतो. त्याची दुप्पट ८८.२ घेतली तरी सुटका नाही, कारण ७९३.८ ही तिचीही दुमड आहे.

आता ३२ किलोहर्ट्झ घेऊ. दर ४४.१ पेक्षा कमी आहे, म्हणून जास्त धोक्याचा वाटेल. दुमडी १६ च्या पटीत : ७८४ आणि ८००. आपला पट्टा ७८७.५ ते ७९६.५. दोन्ही बाजूंना साडेतीन किलोहर्ट्झ मोकळे ठेवून तो पन्नासाव्या पदरावर बरोबर मधोमध बसतो. कमी दर चालतो आणि त्याहून जास्त दर चालत नाही. वेग वाढवला की सुरक्षितता वाढते, ही आपली सवयीची समजूत इथे लागू पडत नाही. माझ्या मते या विषयात विद्यार्थ्याने सर्वांत आधी हेच पचवायला हवे.

३२ च्या दराला दोन मापांमध्ये कॅरिअरची पावणेपंचवीस आवर्तने होतात. पूर्ण पंचविसाला पाव कमी. म्हणून मापांमध्ये तो उलट्या दिशेने फिरत असल्यासारखा दिसतो, आणि खाली ८ किलोहर्ट्झवर उमटलेला पट्टा उलटा असतो : वरचा बाजूपट्टा खाली, खालचा वर. समसंख्येच्या पदरावर असे होणारच, कारण ते पदर उलटे दुमडलेले असतात. आकाशवाणीच्या साध्या एएम प्रक्षेपणाला याने काही फरक पडत नाही, कारण दोन्ही बाजूपट्टे एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. पण हौशी रेडिओवाले एकच बाजूपट्टा पाठवतात. तिथे हे ध्यानात घेतले नाही तर बोलण्यातले खर्ज आणि तार स्वर उलटेपालटे होतात आणि एक शब्द कळत नाही. उपाय सोपा आहे : एक सोडून एक मापाचे चिन्ह बदलले की पट्टा सुलट होतो.

९६ चे गणित याहून देखणे आहे. दुमडी ४८ च्या पटीत : ७६८ आणि ८१६. मध्य ७९२. सतरावा पदर, विषम, म्हणून सुलट. दोन मापांमध्ये सव्वाआठ आवर्तने होतात, त्यामुळे लागोपाठची दोन मापे लाटेच्या पाव आवर्तनाच्या अंतरावर पडतात. पहिल्या मापाचा वर्ग, दुसऱ्याचा वर्ग, त्यांची बेरीज आणि तिचे वर्गमूळ. मिळाला त्या क्षणीचा लाटेचा उंचवटा, म्हणजेच आवाज. मापे शिखरावर पडोत की शून्यावर, दोन्हींपैकी एक तरी बोलतेच. ४८ च्या दराला जी शांतता पडली ती इथे पडू शकत नाही. कॅरिअर पदराच्या मध्यावर बसवण्याचा हा मोठा फायदा आहे, आणि तो मिळवायचा तर दर ४ गुणिले ७९२ भागिले एखादी विषम संख्या असा घ्यायचा. ३१६८ ला ९९ ने भागले तर ३२, ३३ ने भागले तर ९६.

मग सर्वांत कमी कोणता? ३२ च्याही खाली जाता येते. ७९६.५ ला पट्ट्याच्या रुंदीने, ९ ने, भागा : ८८.५. पूर्णांक ८८. म्हणजे जास्तीत जास्त अठ्ठ्याऐंशीव्या पदरापर्यंत जाता येईल, त्यापुढे पदर पट्ट्यापेक्षा अरुंद होतो. सूत्रात ८८ घाला. खालची मर्यादा येते १८१०२.३ हर्ट्झ आणि वरची १८१०३.४ हर्ट्झ. प्रश्नाचे कागदावरचे उत्तर हे आहे. १५९३ किलोहर्ट्झच्या जागी १८.१.

आणि सरांचा विद्यार्थी म्हणून मला इथेच थांबायचे आहे, कारण काहीतरी खटकते आहे. त्या खिडकीची रुंदी पाहा. पुरते सव्वा हर्ट्झसुद्धा नाही. घड्याळ खिडकीच्या मध्यावर लावले, तर त्याला दहा लाखांत फक्त ३२ भाग इकडे-तिकडे सरकायची मुभा आहे. साधा क्रिस्टल दहा लाखांत वीस ते पन्नास भागांच्या हमीने मिळतो, शिवाय तापमानाने सरकतो. खिडकीच्या वर गेलात तर दुमड पट्ट्याच्या खालच्या टोकात शिरते, खाली गेलात तर वरच्या टोकात. बरे, चांगले घड्याळ आणले, तरी दुसरी अडचण आहे : त्या दराला पदर जेमतेम पट्ट्याएवढा आहे. पट्टा संपतो तिथेच दुमड सुरू. म्हणजे फिल्टरने ७९६.५ पर्यंत सगळे जाऊ द्यायचे आणि ७९६.६ ला सगळे अडवायचे. असा फिल्टर अस्तित्वात नाही. पुस्तके हे सूत्र देतात, शेवटचा n काढायला लावतात आणि ‘किमान दर’ म्हणून उत्तराखाली रेघ मारतात. ही पद्धत मला अपुरी वाटते. जे यंत्र बांधता येत नाही त्याचा दर हा दर नव्हे.

बांधता येणाऱ्या यंत्राचा किमान दर कोण ठरवतो? फिल्टर. तेव्हा फिल्टरचे आकडे घालू. रेडिओतले कॉइल आणि कंडेन्सरचे ट्यून्ड सर्किट घ्या, त्याचा क्यू १०० धरा, आणि अशी तीन सर्किटे एकामागोमाग एक लावा. दर ३२ ठेवला, तर आपल्या कॅरिअरला सर्वांत जास्त त्रास देणारी शेजारची केंद्रे कोणती? ७८३ नव्हे. ७८३ खाली १५ किलोहर्ट्झवर उमटते आणि आपला पट्टा साडेतीन ते साडेबारावर आहे, म्हणून ७८३ चा कॅरिअर बाहेरच राहतो. त्रास देतात ते त्याच्या पलीकडचे. ७७४ खाली ६ वर उमटते, ८१० उमटते १० वर. आपला कॅरिअर ८ वर. दोन्ही आपल्यापासून बरोबर २ किलोहर्ट्झवर, म्हणून दोन्ही मिळून २ किलोहर्ट्झची एक बोचरी शिट्टी देतात. आपली तीन सर्किटे ७७४ ला साधारण शंभरावा भाग करतात. दिवसा हे चालून जाईल. रात्री दूरच्या केंद्रांच्या लहरी आयनमंडलावरून परततात, आणि तुम्ही पुण्यापासून लांब असाल तर ७७४ आणि ७९२ जवळपास सारख्याच ताकदीने येऊ शकतात. संथ आलापाच्या मागे शंभरावा भाग शिट्टी चांगलीच ऐकू येते.

दर ९६ केला की त्रास देणारी वारंवारता लांब सरकते. दुमड ७६८ वर आहे, म्हणून आपल्या कॅरिअरवर येऊन पडते ती ७४४, आणि वरच्या बाजूने ८४०. तिथे केंद्र नाही. जवळची केंद्रे ७४७ आणि ८३७. त्यातल्या ७४७ ला तीच तीन सर्किटे सोळाशेव्या भागावर आणतात, आणि ८३७ लाही जवळपास तेवढेच दाबतात. त्याच कॉइल, तेच कंडेन्सर, फक्त घड्याळ बदलले आणि शिट्टी सोळापट खाली गेली. घड्याळाच्या अचूकतेचा प्रश्नही मिटतो : सतराव्या पदराची खिडकी ९३.७ ते ९८.४ किलोहर्ट्झ आहे, पावणेपाच किलोहर्ट्झ रुंद. या फिल्टरची एक किंमत मात्र आहे. तो आपल्याच पट्ट्याची टोके दाबतो. साडेचार किलोहर्ट्झच्या स्वरांचा जेमतेम तिसरा भाग उरतो. ते नंतर आकड्यांमध्ये उचलून घेता येते, कारण फिल्टरचा आकार आपल्याला ठाऊक असतो. घडी पडून मिसळलेली शिट्टी मात्र नंतर कुठल्याही गणिताने वेगळी करता येत नाही. म्हणून फिल्टर मापाच्या आधी.

मग अजून वर, १९२ ला का जाऊ नये? दर दुप्पट, पण पदर ७६८ पासून ८६४ पर्यंत. खालची दुमड तिथेच राहिली. ७४४ अजूनही आपल्यावरच पडते. दुप्पट मापे साठवली, खालच्या बाजूने मिळाले काहीच नाही. पुन्हा तोच मुद्दा : दुमड कुठे आहे ते पाहायचे, दर किती मोठा आहे ते नव्हे.

इथवर आपण दर खाली आणला. पण काही गोष्टी दराबरोबर खाली येत नाहीत, आणि बहुतेक प्रयोग तिथेच फसतात.

पहिली गोष्ट माप घेणाऱ्या उपकरणाची, एडीसीची. मापे सेकंदाला ९६ हजार असली, तरी प्रत्येक माप ७९२ किलोहर्ट्झच्या लाटेचे आहे. एडीसीच्या दाराशी जो छोटा कंडेन्सर व्होल्टेज धरून ठेवतो, त्याला त्या वेगाने भरता आणि रिकामे होता आले पाहिजे. संगणकाच्या साउंड कार्डवर ९६ किलोहर्ट्झ लिहिलेले असते म्हणून त्याच्या माइकच्या खोबणीत अँटेना खुपसली, तर काहीही मिळत नाही. ते आतमध्ये अनेक मेगाहर्ट्झने मापे घेते आणि मग ४८ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे स्वतःच गाळून टाकते. आपल्याला घडी हवी आहे आणि ते कार्ड घडी पडू न देण्यासाठीच बनवलेले आहे. धरून मापणारा साधा एडीसी हवा, ज्याच्या माहितीपत्रकात प्रवेशाची बँडविड्थ सॅम्पलिंग दरापेक्षा वेगळी आणि बरीच मोठी दिलेली असते. निवडताना आधी तो आकडा शोधावा.

दुसरी गोष्ट घड्याळाच्या थरथरीची. माप घेण्याचा क्षण थोडा पुढेमागे झाला की लाट तेवढ्यात वर किंवा खाली गेलेली असते. चूक किती होईल हे लाटेच्या वेगावर अवलंबून असते, मापांच्या दरावर नाही. समजा थरथर एक नॅनोसेकंद आहे. खाली सिग्नल २४ किलोहर्ट्झवर दिसतो म्हणून २४ चा हिशेब केला, तर गोंगाट सिग्नलच्या ७६ डेसिबल खाली, म्हणजे उत्तम. खरा हिशेब ७९२ चा करायचा असतो, आणि तो येतो ४६ डेसिबल. तेहतीस पटीचा फरक. मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या आरसी घड्याळावर चालवलेला असा रेडिओ खरखरतो त्याचे कारण अनेकदा हेच असते. क्रिस्टल लावला की खरखर उतरते.

तिसरी गोष्ट गोंगाटाची, आणि इथे कमी दराची खरी किंमत मोजावी लागते. फिल्टरच्या पुढे, एडीसीच्या आधी, एखादा अँप्लिफायर असेल आणि तो ५ मेगाहर्ट्झपर्यंत काम करत असेल, तर त्याचा स्वतःचा गोंगाट त्या सगळ्या टापूत पसरलेला असतो. ४८ किलोहर्ट्झचे पदर घातले की ५ मेगाहर्ट्झमध्ये १०४ पदर होतात, आणि सगळ्यांवरचा गोंगाट एकाच पदरावर येऊन साचतो. शक्ती शंभरपट. दर ३२ केला तर तीनशेपट, १८.१ केला तर साडेपाचशेपट. फिल्टर इथे मदतीला येत नाही, कारण हा गोंगाट फिल्टरच्या नंतर जन्मतो. म्हणून अँप्लिफायर फिल्टरच्या आधी ठेवावा आणि फिल्टर जमेल तितका एडीसीच्या दाराला चिकटवावा. न्यूझीलंडच्या रॉडनी व्हॉन, नील स्कॉट आणि रॉड व्हाइट यांनी १९९१ साली या विषयावर जो लेख लिहिला, त्यात किमान दराचा निरुपयोगीपणा आणि हा साचणारा गोंगाट, दोन्हींचा नीट हिशेब आहे. त्याआधी १९५३ मध्येच आर्थर कोलेनबर्गने दाखवले होते की मापांच्या दोन मालिका ठरावीक अंतराने एकमेकींत गुंफल्या, तर पट्टा कुठेही असो, दर एकंदरीत नेमका रुंदीच्या दुपटीवर आणता येतो. तत्त्वतः ते पूर्ण खरे आहे. पण दोन मालिकांमधले अंतर कॅरिअरच्या आवर्तनाच्या मानाने अचूक सांभाळावे लागते, तेव्हा सव्वा हर्ट्झच्या खिडकीतून सुटका होते ती दुसऱ्या एका काटेकोरपणाच्या दारात नेऊन सोडते.

एक शेवटची, हाताने करायची गोष्ट सांगतो, कारण प्रयोगाला बसल्यावर प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. पडद्यावर एक रेघ दिसते. ती आपलीच की कुठल्या तरी दुसऱ्या पदरावरून आलेली, हे कसे ओळखायचे? मापे हे सांगत नाहीत, असे मी मघाशी म्हटले. एका दराची मापे सांगत नाहीत. दर जरा बदला, रेघ सांगते.

दर ९६ वरून १०० हर्ट्झने वाढवा. आपला ७९२ हा ९६ च्या आठ पटीच्या वर २४ आहे. दर शंभराने वाढला की आठपट आठशेने वाढते, आणि आपली रेघ ८०० हर्ट्झ खाली येते. ७४४ च्या आसपासचे काही घुसले असेल तर तेही आठ पटींशीच बांधलेले आहे, पण उलट्या बाजूने. ते ८०० हर्ट्झ वर चढेल. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर. ती ९६ च्या सहा पटीच्या खाली १८ आहे, म्हणून १८ किलोहर्ट्झवर उमटते, आपल्या पट्ट्याच्या अगदी शेजारी. दर वाढवला की ती ६०० ने वर जाते. मुंबईचे १०४४ उमटते १२ वर, आणि ते ११०० ने चढते. रेघ किती हलली आणि कुठल्या दिशेला, एवढ्यावरून ती कुठल्या पदरावरची हे निघते. रेघ अजिबात हललीच नाही तर ती खरोखरच पहिल्या पदरावरची आहे. बहुधा तुमच्याच वीजपुरवठ्याची किंवा त्याच टेबलावरच्या एखाद्या यंत्राची. ही परीक्षा मी कुठल्याही महागड्या उपकरणाहून वरची मानतो, कारण तिला फक्त घड्याळाचा एक आकडा बदलावा लागतो आणि ती कधी संदिग्ध उत्तर देत नाही.

हीच रीत पुढे किती वर जाते? १९९९ मध्ये डेनिस एकॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकमेकांपासून दूर असलेले रेडिओपट्टे एकाच एडीसीने थेट पकडण्याचे गणित मांडले. तिथे दर असा निवडावा लागतो की सगळे पट्टे पहिल्या पदरावर उतरतील आणि एकमेकांवर येणार नाहीत. तत्त्व आपल्या ७९२ चेच आहे, फक्त खिडक्या मोजायला संगणक बसवावा लागतो, आणि थरथरीची मर्यादा नॅनोसेकंदाऐवजी पिकोसेकंदांत जाते.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर. कागदावर १८.१ किलोहर्ट्झ. शेजारी केंद्रे दुबळी असतील आणि फिल्टर चांगला असेल तर ३२. साध्या तीन सर्किटांनी, रात्रीसुद्धा, बिनशिट्टीचे ऐकायचे असेल तर ९६.

सभागृहात बसलेल्या विद्यार्थ्यांनी घरी जाऊन एक गणित स्वतः करावे. एफएमचा सगळा पट्टा, ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, एकाच वेळी पकडायचा आहे. उत्तर सांगूनच ठेवतो, म्हणजे ताळा करता येईल : पाचवा पदर, आणि खिडकी ४३.२ ते ४४ मेगाहर्ट्झ. त्या खिडकीत घड्याळ नेमके कुठे लावायचे आणि ८८ च्या खाली तुमचा फिल्टर किती लवकर बंद व्हायला हवा, हे मात्र तुम्ही मला पत्राने कळवा.